‘नोव्हेंबरात रजा नाही’ अशी नोटीस लागलीय, आणि दिवाळी नोव्हेंबरातच आहे

ताई, मी इंग्लंडमधल्या एका केअर होममध्ये सीनिअर केअरर आहे, स्पॉन्सर्ड व्हिसावर. माझ्या शिफ्ट रविवार, मंगळवार, गुरुवार, सकाळी ८ ते रात्री ८. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी लवकर सुटायचंय आणि पाडव्याला पूर्ण रजा हवीय. गेल्या वर्षी मॅनेजर तोंडी ‘बघू, होईल’ म्हणाल्या, आणि रोटा लागला तर दोन्ही दिवस माझी शिफ्ट. यंदा ऑगस्टमध्येच नोटीस लागलीय, की नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कुणालाही रजा मिळणार नाही. एक मैत्रीण म्हणते, ‘फ्लेक्झिबल वर्किंग’चा अर्ज टाक, तो कायद्याने द्यावाच लागतो. दुसरी म्हणते, बिनपगारी रजा मागितलीस तर व्हिसा जाईल. मी लिहिलेलं पत्र सोबत जोडलंय. पाठवू का?

— एक वाचक

हे पत्र असंच पाठवू नका. ते चुकीचं नाही, पण ज्या टेबलावर जाणार आहे तिथे त्याचा उपयोग होणार नाही. इथल्याच एका होममध्ये मी सहा वर्षं रोटा बनवत होते. तुमचं पत्र आधी आपल्या माणसाचं म्हणून वाचलं तेव्हा घशात आवंढा आला. मग रोटा बनवणारी म्हणून पुन्हा वाचलं, तर दोन पानांत मला कुठेच सापडेना, की तुम्ही नेमक्या कोणत्या तारखेला आणि किती वाजल्यापासून नसणार आहात.

‘दिवाळीचे दोन दिवस’ असं तुम्ही लिहिलंय. यंदा लक्ष्मीपूजन रविवारी, ८ नोव्हेंबर २०२६ ला आहे आणि पाडवा मंगळवारी, १० तारखेला. मधला सोमवार मोकळाच आहे. हे आपल्याला कॅलेंडर बघून कळतं, तुमच्या मॅनेजरला कळायला काही मार्ग नाही. ‘दोन दिवस’ म्हटल्यावर इथला माणूस रविवार-सोमवार समजणार. सोमवारी तुमची शिफ्टच नाही, म्हणजे त्यांच्या मते एक दिवस आपोआप सुटला, आणि मंगळवारी तुमचं नाव पुन्हा रोटावर. गेल्या वर्षीही असंच काही झालं असण्याची बरीच शक्यता आहे. दुष्टाव्याने कुणी केलं असेल असं मला वाटत नाही. ‘होईल’ म्हणताना त्या बाईंच्या डोळ्यांसमोर तारीखच नव्हती, आणि रोटा बनवायला बसल्या तेव्हा कागदावरही काही नव्हतं.

रोटा बनवणाऱ्या माणसाच्या डोक्यात त्या वेळी तीनच प्रश्न असतात. कोणत्या शिफ्टमध्ये भोक पडणार? ते कोण भरणार? आणि महिन्याच्या शेवटी तासांचा हिशेब जुळणार का? सण किती मोठा आहे, यावर त्यांचा विश्वास असतो. तुम्ही सांगितलंत म्हणजे असेलच मोठा. त्यावर दीड पान खर्च करायची गरज नाही, दोन ओळी पुरतात. उरलेलं सगळं पत्र या तीन प्रश्नांची उत्तरं द्यायला वापरायचं आहे.

आता मैत्रिणीच्या सल्ल्याकडे येते, कारण तुमच्या पत्राचा विषयच ‘फ्लेक्झिबल वर्किंग रिक्वेस्ट’ असा आहे आणि मला सगळ्यात जास्त काळजी तिथे वाटली. एप्रिल २०२४ पासून ब्रिटनमध्ये नोकरीच्या पहिल्या दिवसापासून हा अर्ज करता येतो, हे खरं आहे. पण तो हक्क मागण्याचा आहे, मिळण्याचा नाही. मालकाने तुमच्याशी बोलूनच निर्णय घ्यायचा असतो आणि नाही म्हणायचं तर कायद्यात दिलेल्या आठ व्यावसायिक कारणांपैकी एखादं दाखवावं लागतं. त्यातलं एक कारण असं, की आहेत त्या माणसांत काम वाटून देणं शक्य नाही. केअर होमला हे कारण दाखवायला फारसे कष्ट पडत नाहीत.

याहून मोठी अडचण वेळेची आहे. या अर्जावर निर्णय द्यायला मालकाला दोन महिने मिळतात. तुम्ही १५ सप्टेंबरला अर्ज दिलात तर कायदा पाळूनसुद्धा उत्तर १५ नोव्हेंबरच्या आसपास येऊ शकतं. तोपर्यंत दिवाळी होऊन गेलेली असेल. शिवाय हा अर्ज तुमच्या करारातल्या अटी बदलण्यासाठी असतो. मुदत लिहिली नाही आणि तो मंजूर झाला, तर ‘रविवारी दुपारी तीनला सुटणार’ हा बदल कायमचा धरला जाऊ शकतो. मग दर रविवारचे पाच तास कमी, पगारही कमी, आणि स्पॉन्सरशिपच्या कागदावर लिहिलेल्या पगाराशी त्याचा मेळ बसेना, अशी नसती गुंतागुंत होते. वर्षाला असे दोनच अर्ज करता येतात, त्यातला एक या एका संध्याकाळपायी खर्च होणार. उद्या मुलाच्या शाळेसाठी किंवा पाठीच्या दुखण्यासाठी शिफ्टची घडी खरंच बदलायची वेळ आली, तर तेव्हा हा अर्ज लागेल. तो जपून ठेवा.

तुम्हाला खरं तर दोन साध्या गोष्टी हव्या आहेत आणि त्या पत्रात वेगवेगळ्या मागायच्या आहेत. मंगळवारची पूर्ण शिफ्ट ही ॲन्युअल लीव्ह, म्हणजे तुमच्या हक्काची पगारी रजा. रविवारचे दुपारी ३ ते रात्री ८ हे पाच तास म्हणजे शिफ्टची अदलाबदल. एकीचा हिशेब रजेच्या खात्यात होतो, दुसरीचा सहकाऱ्याशी. दोन्ही एकाच वाक्यात घातल्या, की एकीला नाही म्हणताना दुसरीही जाते.

आधी रजेचं बघू. इथे कायद्याने वर्षाला ५.६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. तुम्ही आठवड्याला तीन दिवस काम करता, म्हणजे १६.८ दिवस, बारा तासांच्या शिफ्टने गुणलं तर २०१.६ तास. बहुतेक होम रजा तासांत मोजतात, म्हणून पाडव्याची एक शिफ्ट म्हणजे १२ तास वजा. पत्र लिहिण्याआधी आपल्या खात्यात किती तास शिल्लक आहेत आणि रजेचं वर्ष कोणत्या महिन्यात संपतं, हे ऑफिसमधून लेखी मागवा आणि तो आकडा पत्रात घाला. ‘माझी रजा शिल्लक आहे’ आणि ‘माझे ६४ तास शिल्लक आहेत, त्यातले १२ हवेत’ या दोन वाक्यांत फार फरक आहे. दुसरं वाक्य वाचणाऱ्याला कुठलीही फाईल उघडावी लागत नाही.

करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर जितके दिवस रजा हवी त्याच्या दुप्पट दिवस आधी कळवायचं, असा कायद्याचा नियम आहे. एका दिवसासाठी दोन दिवस. मालकाला नाही म्हणायचं असेल तर त्यानेही रजेइतके दिवस आधी, म्हणजे तुमच्या बाबतीत एक दिवस आधी कळवलं तरी चालतं. थोडक्यात, कायदा दोन्ही बाजूंनी इतका सैल आहे, की त्याच्या भरवशावर सणाचं काही ठरवता येणार नाही. बहुतेक होमच्या हँडबुकात याहून मोठी मुदत असते, ती बघून घ्या. माझं म्हणाल, तर मंगळवारी १ सप्टेंबरला पत्र द्या. पाडव्याला बरोबर दहा आठवडे राहतात आणि नोव्हेंबरच्या रोटाला तेव्हा कुणी हात लावलेला नसतो. कोऱ्या रोटावर नाव न टाकणं सोपं असतं. टाकलेलं नाव काढायचं म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी फोन करून विनवावं लागतं.

आणि ती नोटीस? मालक ठरावीक तारखांना रजा नाकारू शकतो, त्यामुळे नोटीस लावली म्हणून तो लगेच बेकायदेशीर ठरत नाही. पण २०१० च्या इक्वॅलिटी ॲक्टमध्ये धर्माचा समावेश आहे, आणि सगळ्यांना सारखा लावलेला नियमसुद्धा एखाद्या धर्माच्या लोकांना जास्त जाचत असेल तर मालकाला त्याचं समर्थन करावं लागतं. नियमामागे रास्त हेतू आहे आणि त्या हेतूसाठी इतका कडक नियम खरंच गरजेचा आहे, हे दोन्ही दाखवावं लागतं. होममधल्या वृद्धांना पुरेशी माणसं असावीत हा हेतू रास्त आहे, त्यावर कुणी वाद घालणार नाही. पण तुमच्या जागी त्याच पातळीचं माणूस उभं असेल, होमला एक पौंडही जास्त पडत नसेल, तर मग ‘नाही’ कशासाठी, याचं उत्तर देणं मालकाला जड जातं. म्हणून कव्हरची सोय करणं ही नुसती समजूतदारपणाची गोष्ट नाही. तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा तोच आहे आणि उद्या गोष्ट वाढली तरी तोच कामाला येईल.

पहिल्या पत्रात मात्र कायद्याचं नाव काढू नका. तुमच्या मसुद्यात शेवटच्या परिच्छेदात ‘भेदभाव’ हा शब्द दोनदा आला आहे. तो शब्द आला, की मॅनेजर पत्र वाचत नाही, वरच्या ऑफिसला पाठवून मोकळी होते, आणि मग तुमची एक संध्याकाळ तीन माणसांच्या ईमेलमध्ये अडकते. तुमच्या बाई तोंडी का होईना, एकदा ‘होईल’ म्हणाल्या आहेत. त्यांना हो म्हणायला सोपं जाईल असं पत्र आधी द्या.

कव्हर शोधताना लोक कुठे चुकतात, ते मी पुष्कळदा पाहिलंय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तुम्ही सीनिअर आहात, म्हणजे औषधांची फेरी तुमच्याकडे असणार. रविवारी संध्याकाळची औषधं देण्याचं प्रशिक्षण असलेलीच व्यक्ती तुमच्या जागी चालेल. जिवाभावाची मैत्रीण तयार आहे, पण तिला औषधं देता येत नाहीत, तर त्या अदलाबदलीला मॅनेजर होकार देऊच शकणार नाही. मग त्या व्यक्तीच्या विश्रांतीचं बघायचं. इथल्या नियमाप्रमाणे साधारणपणे दोन शिफ्टच्या मध्ये सलग ११ तास विश्रांती हवी. शनिवारची नाइट करून रविवारी सकाळी ८ ला सुटलेली सहकारी दुपारी ३ ला परत येऊ शकत नाही. आणि रविवारी रात्री ८ ला जिची नाइट सुरू होतेय तिला ३ लाच बोलावलं, तर तिची शिफ्ट सतरा तासांची होते. म्हणजे शनिवार-रविवार दोन्ही रात्री जिची नाइट नाही, अशीच सहकारी शोधायची.

अजून एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. तुमच्या होममध्ये स्टुडंट व्हिसावरची मुलं काम करत असतील. पदवीचं शिक्षण घेणाऱ्यांना कॉलेज चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा असते, आणि तो आठवडा सोमवार ते रविवार असा मोजतात. रविवार हा त्या आठवड्याचा शेवटचा दिवस. एखाद्या मुलीचे शनिवारपर्यंत १८ तास झाले असतील आणि तिने तुमच्यावरच्या प्रेमापोटी पाच तास घेतले, तर तिचे २३ होतात आणि अडचणीत तिचा व्हिसा येतो. ती नाही म्हणणार नाही, म्हणून तुम्हीच आधी विचारा.

समजा, तुम्हाला अशी सहकारी मिळाली. तिला त्या बदल्यात काय द्यायचं? तुमच्या मसुद्यात तुम्ही लिहिलंय, की ख्रिसमसचे सगळे दिवस मी काम करीन. एवढं देऊ नका. दोन कारणं आहेत. एक म्हणजे ते सगळे दिवस तुम्ही केलेत, तर पुढच्या वर्षी तोच तुमचा दर ठरतो. दुसरं, ख्रिसमसच्या दिवशी काही होममध्ये जास्त दराने पैसे मिळतात, त्यामुळे त्या शिफ्ट सगळ्यांनाच नको असतात असंही नाही. २४ डिसेंबरची संध्याकाळ मात्र जवळजवळ प्रत्येकाला घरी हवी असते. यंदा २४ तारीख गुरुवारी येते, त्या दिवशी तुमची शिफ्ट आहेच, म्हणजे ती संध्याकाळ तुम्हाला कुणाला देता येणार नाही. तेव्हा सहकारीला विचारा, की त्या आठवड्यात तिला कोणते पाच तास जड जाताहेत. ती बुधवारी, २३ ला कामावर असेल आणि दुपारी ३ ला सुटून गावी जायचं असेल, तर बुधवारी ३ ते ८ तुम्ही उभ्या राहा. तुम्ही रात्री ८ ला सुटता, गुरुवारी सकाळी ८ ला परत येता, मध्ये बारा तास मिळतात, नियमात बसतं. पाच तासांना पाच तास. कुणाच्या पगारात फरक नाही, होमला एजन्सीचं माणूस बोलवावं लागत नाही.

काही जणी रविवारची दिवसाची शिफ्ट टाळण्यासाठी शनिवारची नाइट मागून घेतात. कागदावर ते छान दिसतं. प्रत्यक्षात सकाळी ८ ला सुटून, घरी येऊन, पडून उठेपर्यंत दुपार होते आणि पूजेच्या वेळी डोळे उघडत नाहीत. नोव्हेंबरात इथे सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे दुपारी ३ ला सुटलात तर घरी पोहोचेपर्यंत दिवेलागणीच झालेली असते. तुमची तीनची वेळ बरोबर आहे, तीच धरा.

आता व्हिसा. दुसऱ्या मैत्रिणीची भीती अगदीच हवेतली नाही, पण ती तुमच्या प्रश्नाला लागू होत नाही. पगारी रजेने व्हिसाला काहीही होत नाही. बिनपगारी रजा एका कॅलेंडर वर्षात सगळी मिळून चार आठवड्यांपेक्षा जास्त झाली, तर काही ठरावीक कारणं सोडता स्पॉन्सरला स्पॉन्सरशिप थांबवावी लागते. तुमचा प्रश्न एका दिवसाचा आहे. मॅनेजर म्हणाल्या, की पगारी रजा संपली आहे, हवी तर बिनपगारी घ्या, तर खुशाल घ्या. फक्त याच वर्षी तुम्ही घरी जाऊन दोन-तीन आठवडे बिनपगारी राहिला असाल, तर ते दिवस आधी मोजा.

व्हिसाला खरा धोका वेगळ्याच ठिकाणी आहे, आणि ते मला ठळकपणे सांगायचंय. नकार आल्यावर रविवारी सकाळी ‘बरं नाही’ असा फोन करू नका. सात दिवसांपर्यंतच्या आजारपणाला डॉक्टरचा कागद लागत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. मॅनेजरलाही माहीत असतं. ज्या दिवसाची रजा नाकारली त्याच दिवशी आजारपण, आणि संध्याकाळी कुणाच्या तरी फोनवर पणत्यांसमोर तुमचा फोटो, हे मी घडताना पाहिलं आहे. खोटं आजारपण सिद्ध झालं तर नोकरीवरून काढता येतं. नोकरी गेली, की होमला ते गृहखात्याला कळवावं लागतं, आणि नवा स्पॉन्सर शोधायला साधारण ६० दिवस मिळतात. एवढं एका संध्याकाळसाठी पणाला लावू नका. न सांगता गैरहजर राहण्याचंही तसंच.

पत्राची भाषा. तुमची सुरुवात ‘विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट’ अशी आहे आणि शेवट ‘काइंडली डू द नीडफुल’ असा. आपल्याला शाळेत अर्ज असाच शिकवला, मलाही. इथे ‘बेग’ म्हणजे खरोखर याचना वाटते आणि ‘नीडफुल’ म्हणजे नेमकं काय करायचं ते कळत नाही. इथल्या ऑफिसात मॅनेजरला सरळ पहिल्या नावाने हाक मारून लिहितात, त्यात उद्धटपणा नाही. खाली मी मजकूर मराठीत देते. तो तुम्ही इंग्रजीत मांडा, एका वाक्यात एकच गोष्ट ठेवा, आणि आकडे तुमचे घाला.

‘विषय: मंगळवार १० नोव्हेंबरची पगारी रजा आणि रविवार ८ नोव्हेंबरला शिफ्टची अदलाबदल.

८ ते १० नोव्हेंबर या काळात माझा वर्षातला सगळ्यात मोठा धार्मिक सण, दिवाळी आहे. त्याच्या तारखा चांद्र पंचांगावरून ठरतात, म्हणून दरवर्षी बदलतात. यंदाचे माझ्यासाठी महत्त्वाचे दोन दिवस रविवार ८ आणि मंगळवार १० नोव्हेंबर हे आहेत.

मंगळवार १० नोव्हेंबरच्या माझ्या ८ ते ८ या शिफ्टसाठी मला १२ तासांची पगारी रजा हवी आहे. माझ्या खात्यात ६४ तास शिल्लक आहेत.

रविवार ८ नोव्हेंबरला मी सकाळी ८ ते दुपारी ३ काम करीन. ३ ते ८ या वेळेत माझ्या जागी (सहकारीचं नाव) येईल. तिला औषधं देण्याचं प्रशिक्षण आहे आणि शनिवारी किंवा रविवारी रात्री तिची शिफ्ट नाही. दुपारी ३ ला मी तिला हँडओव्हर देईन. बदल्यात बुधवार २३ डिसेंबरला ३ ते ८ तिच्या जागी मी काम करीन. तिची संमती या ईमेलसोबत आहे.

नोव्हेंबर-डिसेंबरच्या रजेबद्दलची नोटीस मी वाचली आहे. तुम्हाला कव्हरची अडचण येऊ नये म्हणून मी इतक्या आधी लिहीत आहे. दोन्ही गोष्टी जमत नसतील तर रविवारची संध्याकाळ माझ्यासाठी जास्त महत्त्वाची आहे, आणि मंगळवारसाठी मी तुमच्याशी बोलून दुसरा मार्ग काढायला तयार आहे.

१५ सप्टेंबरपर्यंत कळवलंत तर काही बदल करायचा असल्यास मला वेळ मिळेल.’

शेवटून दुसरा परिच्छेद गाळू नका. कोणती गोष्ट जास्त हवी आहे ते तुम्ही सांगितलं नाही, तर मॅनेजर तिच्या सोयीने निवडेल आणि बहुधा मंगळवार देईल, कारण आठवड्याच्या मधल्या दिवशी माणसं सहज मिळतात. रविवारी संध्याकाळी ती मिळत नाहीत, म्हणूनच तिथे तुम्ही माणूस आधी उभं करताय. त्यांनी मंगळवारची रजा नाकारली, तर मंगळवारची शिफ्ट सोमवारी किंवा बुधवारी हलवता येईल का, ते विचारा. रजा खर्च होत नाही, त्यांचे तास भरतात, आणि ‘रजा नाही’ ही नोटीसही मोडत नाही.

हे पत्र ईमेलने पाठवा. व्हॉट्सॲपवर, हँडओव्हरच्या वेळी किंवा चहाच्या खोलीत विचारलेलं विसरलं जातं आणि नंतर त्याचा पुरावाही राहत नाही. त्या समोर भेटून ‘हो, चालेल’ म्हणाल्या, तर त्याच दिवशी दोन ओळींचं ईमेल टाका: ‘आज आपण बोललो त्याप्रमाणे १० नोव्हेंबरची माझी रजा आणि ८ नोव्हेंबरची अदलाबदल तुम्ही मान्य केली. धन्यवाद.’ गेल्या वर्षी तुमच्याकडे हे एक ईमेल असतं तर रोटा लागल्यावर तुम्ही ते पुढे करू शकला असतात.

१५ सप्टेंबरपर्यंत काहीच आलं नाही तर १६ ला आठवण करा, रागावून नाही, त्याच ईमेलवर एका ओळीत. नकार आला तर कारण लेखी मागा: कव्हर असूनही का जमत नाही, आणि काय बदललं तर जमेल? या उत्तरात खरी अडचण असेल तर ती सोडवता येते. कदाचित तुमच्या सहकारीच्या प्रशिक्षणाची मुदत नोव्हेंबरपूर्वी संपत असेल, तर दुसरी कुणी शोधता येईल. उत्तर नुसतं ‘नोटीस आहे म्हणून’ असं आलं, तर मग कायद्याचा मुद्दा काढायची वेळ आली. तेव्हा होमच्या तक्रार-पद्धतीप्रमाणे लेखी तक्रार द्या आणि तिच्यात तुमचं पहिलं पत्र जोडा. त्याआधी एकॅसच्या हेल्पलाइनला फोन करा. नोकरीच्या वादांवर फुकट सल्ला देणारी ती सरकारी पैशावर चालणारी पण स्वतंत्र संस्था आहे. युनियनच्या सभासद असाल तर प्रतिनिधीलाही दाखवा. तुमच्या हक्कांबद्दल विचारलंत म्हणून स्पॉन्सरशिप काढून घेऊ, असं कुणी सुचवलं, तर ते वाक्य, तारीख आणि वेळ वहीत लिहून ठेवा आणि एकॅसला तेही सांगा.

मंजुरी आली तरी तुमचं एक काम राहतंच. नोव्हेंबरचा रोटा भिंतीवर लागेल त्याच दिवशी ८ आणि १० तारखेची दोन्ही घरं बघा, आणि २३ डिसेंबरचंही. रोटा बनवताना आम्ही बऱ्याचदा मागच्या महिन्याचा तक्ता उचलून चिकटवायचो, आणि मंजूर झालेली रजा त्या चिकटवण्यात पुसली जायची. माझ्या हातूनही दोनदा झालं आहे, आणि दोन्ही वेळा त्या मुलीने पहिल्याच दिवशी येऊन दाखवलं म्हणून ते दहा मिनिटांत दुरुस्त झालं.